टिंब ठेवा, दुरुस्त करू नका

सातवीच्या वर्गात पहिल्यांदा मुलांना एकमेकांच्या वह्या तपासायला दिल्या, तेव्हा मी एवढेच सांगितले होते, ‘शेजाऱ्याच्या निबंधातल्या व्याकरणाच्या चुका शोधा.’ वह्या परत आल्या तेव्हा एका मुलीने बरोबर लिहिलेला ‘मंदिर’ हा शब्द शेजारच्या मुलाने पेनाने गिरवून ‘मंदीर’ केला होता. तिने काही न बोलता ते मान्यही केले होते आणि पुढच्या पानावर स्वतःच्या हाताने ‘मंदीर’ असे लिहिले होते. त्याच पानावर ‘मुलानी’ या शब्दात अनुस्वार राहिला होता. तो मात्र दोघांपैकी कुणालाच दिसला नव्हता.

त्या मुलाचा त्यात दोष नव्हता, सूचना माझीच चुकीची होती. बारा वर्षांच्या मुलाला ‘चुका शोध’ म्हटले की तो चूक शोधतो, ती सापडली नाही तर तयार करतो आणि लगेच दुरुस्तही करून टाकतो. गेली काही वर्षे मी ही जोडीतली तपासणी वेगळ्या पद्धतीने घेते. तिचा पाया एका नियमावर आहे: वाचणाऱ्याने दुरुस्त करायचे नाही, फक्त विचारायचे. मराठी व्याकरणातल्या कितीतरी गोष्टींची उत्तरे लिहिणाऱ्याजवळच असतात. ‘झाडाखाली’ लिहायचे की ‘झाडांखाली’, हे झाड एक होते की अनेक यावर ठरते, आणि ते तिथे बसून आलेल्यालाच माहीत असते. वाचणाऱ्याने परस्पर अनुस्वार दिला तर तो बरोबर ठरेलही, पण तो अंदाज असेल, आणि अंदाजाने केलेल्या दुरुस्तीतून लिहिणाऱ्याला काही शिकायला मिळत नाही.

या तपासणीसाठी मी मुलांना पोस्टकार्डाएवढी एक पट्टी देते. जुन्या पुठ्ठ्यावर मुलांनीच लिहून घेतली तरी चालते. पट्टीवर चारच प्रश्न असतात आणि ते मित्राला विचारावेत अशा भाषेत असतात:

१. मी तुझे लिखाण मोठ्याने वाचतो, तू ऐक. मी कुठे अडखळलो?
२. हे दोनच शब्द जोडून म्हणून बघू या का? जुळतात का?
३. इथे एक आहे की अनेक? की मानाने म्हटले आहेस?
४. या शब्दाचे मूळ रूप काय? पुस्तकात बघू या का?

पट्टीवर ‘कर्मणी प्रयोग’, ‘सामान्यरूप’, ‘उपान्त्य’ असे शब्द मुद्दाम ठेवलेले नाहीत. ते शब्द माझ्या तासाला येतात आणि यायलाही हवेत. पण शेजाऱ्याची वही पुढ्यात असताना मुलाला संज्ञा आठवत बसावे लागले, तर तो वाक्य ऐकायचे विसरतो.

तयारी फार लागत नाही. मजकूर दहा-बारा ओळींचाच घ्यावा. पूर्ण निबंध दिला तर पहिल्या पानावर बारीक नजर जाते आणि दुसरे पान नुसते चाळले जाते. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल हवी. पेन बाकाखाली जायला हवे, कारण पेनाने केलेला बदल मागे घेता येत नाही आणि पेन हातात असले की दुरुस्तीचा मोह आवरत नाही. खूण एकच: ज्या ओळीत शंका आली तिच्यासमोर समासात एक टिंब. शब्दावर गोल, फुली किंवा अधोरेखा काही नाही. टिंब मुद्दाम ओळीसमोर ठेवायला सांगते, म्हणजे लिहिणाऱ्याला ती सगळी ओळ पुन्हा वाचून शंकेचा शब्द स्वतः शोधावा लागतो. दोन-तीन वेळा शोधूनही सापडला नाही, तरच वाचणाऱ्याने पट्टीवरचा प्रश्न विचारायचा.

तासिका ३५-४० मिनिटांची असते. एका वहीला १२ ते १४ मिनिटे दिली की दोन्ही वह्या होतात आणि शेवटी मला फिरायला वेळ उरतो. जोड्या लावताना वर्गातला सर्वांत हुशार आणि सर्वांत मागे पडलेला अशी जोडी मी लावत नाही. अशा जोडीत एकजण शिक्षक होतो आणि दुसरा मान डोलावत राहतो. जवळपास सारखे लिहिणारी दोन मुले एकत्र बसली की प्रश्न खरे असतात, कारण उत्तर दोघांनाही आधीपासून माहीत नसते. पटावरची संख्या विषम असेल तर तिघांचा एक गट करावा आणि वह्या उजवीकडे सरकवाव्यात.

पट्टी मुलांच्या हातात देण्याआधी ती एकदा फळ्यावर करून दाखवावी लागते. त्यासाठी मी एक उतारा स्वतः रचला आहे. उतारा माझा असला तरी त्यातल्या चुका वर्षानुवर्षे मुलांच्या वह्यांत पाहिलेल्या आहेत. लिहिणारी मुलगी आहे आणि विषय प्रतापगडची सहल:

‘सहामाही परीक्षा संपली म्हणून सगळे खुशीत होते. सकाळी सहा वाजता आम्ही शाळेच्या मैदानावर जमलो. सरांनी सगळ्यांची नावे वाचले आणि मग बस सुटली आणि आम्ही गाणी म्हणत होतो आणि वाईला बस थांबली तिथे आम्ही नाश्ता केला. गडाच्या पायऱ्या चढताना माझ्या मैत्रीणीचा पाय मुरगळला. बाईनी तिला धीर दिला. मी पाण्याची बाटली बसमध्येच विसरले होते. वर गेल्यावर आम्ही भवानीमातेचे मंदिर पाहिले. दुपारी झाडाखाली बसून डबे खाल्ले. मी भावासाठी एक लाकडी तलवार आणि दोन भोवरे घेतली.’

पहिला प्रश्न वाचनाचा आहे. वाचणारा उतारा मोठ्याने वाचतो, पण जसा लिहिला आहे तसाच. जिथे पूर्णविराम नाही तिथे थांबायचे नाही आणि जिथे स्वल्पविराम आहे तिथे जरा थांबायचेच. लिहिणारी गप्प बसून ऐकते. आपण लिहिलेले आपणच वाचतो तेव्हा डोळे कागदावरचे नव्हे, मनातले वाक्य वाचतात आणि राहिलेला शब्द किंवा विराम आपसूक भरून काढतात. दुसऱ्याला मनातले वाक्य माहीत नसते, म्हणून तो बरोबर त्या जागी अडखळतो. तिसऱ्या वाक्यात ‘वाईला बस थांबली तिथे आम्ही’ इथे वाचणाऱ्याचा श्वास संपतो आणि त्याला मागे यावे लागते. तिथे टिंब.

आता लिहिणारीने काय करायचे? पुष्कळ मुले अशा वेळी ‘आणि’च्या जागी स्वल्पविराम टाकून मोकळी होतात. त्याने वाक्य लहान होत नाही. मी मुलांना सांगते, प्रत्येक ‘आणि’वर बोट ठेव आणि विचार, इथे नवी गोष्ट घडली का? बस सुटणे ही एक घटना, गाणी म्हणणे हे तिच्याबरोबर चाललेले, वाईला थांबणे ही दुसरी घटना. मग वाक्ये अशी होतात: ‘सरांनी सगळ्यांची नावे वाचले आणि मग बस सुटली. आम्ही गाणी म्हणत होतो. वाईला बस थांबली. तिथे आम्ही नाश्ता केला.’ ‘नावे वाचले’ अजून तसेच आहे, आणि ते चालेल. पहिल्या वाचनात फक्त थांबे बघायचे आहेत. सगळे एकाच वाचनात पकडायला गेले की मुलांची नजर सर्वांत सोप्या चुकीवर, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घावर, जाऊन बसते आणि बाकीचे सुटते.

दुसऱ्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण मराठी वाक्याचा कणा इथे आहे. भूतकाळात ‘सरांनी’, ‘आईने’, ‘त्याने’ असा कर्ता आला की क्रियापद बहुधा कर्त्याकडे न बघता, जे केले त्या वस्तूकडे बघते. आईने लाडू केला, आईने पोळी केली, आईने थालीपीठ केले. मराठी घरातल्या मुलाला हे बोलताना शिकवावे लागत नाही. चूक होते ती लांब वाक्यात, वस्तू आणि क्रियापद यांच्यामध्ये चार शब्द आले की. ‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’, ‘तुम्ही’ यांच्याबरोबर ‘ने’ दिसतच नाही, त्यामुळे तिथे फसगत आणखी सोपी होते.

म्हणून प्रश्न असा, ‘हे दोनच शब्द जोडून म्हणून बघू या का?’ क्रियापदावर एक बोट ठेवायचे, ‘काय?’ असे विचारायचे आणि उत्तरावर दुसरे बोट ठेवायचे. काय वाचले? नावे. मधले सगळे गाळून फक्त तेवढेच म्हणायचे: ‘नावे वाचले.’ लांब वाक्यात जे लपले होते ते दोन शब्दांत कानाला लगेच टोचते आणि लिहिणारी स्वतःच म्हणते, ‘नावे वाचली.’

ज्या मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड, गुजराती किंवा हिंदी बोलतात, त्यांचा कान इथे नेहमी साथ देत नाही, आणि ‘कानाला कसे वाटते?’ हा प्रश्न त्यांच्यावर अन्याय करतो. त्यांच्यासाठी पट्टीच्या मागे मी सहा जोड्या लिहून देते. एकासाठी: तो आंबा खाल्ला, ती पोळी खाल्ली, ते केळे खाल्ले. अनेकांसाठी: ते आंबे खाल्ले, त्या पोळ्या खाल्ल्या, ती केळी खाल्ली. वस्तूच्या आधी तो, ती, ते, त्या यांपैकी काय लागते ते सापडले की क्रियापदाचा शेवट त्याच सुरात जातो. तो-ला, ती-ली, ते-ले, त्या-ल्या. ‘नावे’साठी ‘ती नावे’, म्हणून ‘वाचली’. वस्तूचे लिंग माहीत नसेल तर अंदाज न करता शब्दकोशात बघावे. कोशात शब्दापुढे पु., स्त्री. किंवा न. असे छापलेले असते आणि मुले ते शोधायला पटकन शिकतात.

उताऱ्यातले शेवटचे वाक्य याच कसोटीवर घ्या. काय घेतली? तलवार आणि भोवरे. ‘तलवार घेतली’ बरोबर, ‘भोवरे घेतले’ही बरोबर, मग दोन्ही असताना? लिहिणारीच्या मनात तलवार पहिली होती म्हणून ‘घेतली’ आले. मराठीत अशा वेळी क्रियापद सहसा जवळच्या शब्दाबरोबर जाते, म्हणून ‘एक लाकडी तलवार आणि दोन भोवरे घेतले’. यावर दोघांचा वाद झाला तर मी तो चालू देते, पण तो फार लांबला तर एक सुटका सांगून ठेवलेली असते: वाक्य मोडा. ‘मी भावासाठी एक लाकडी तलवार घेतली. दोन भोवरेही घेतले.’ वाक्य मोडण्यात कमीपणा नाही.

या दुसऱ्या प्रश्नाला दोन अपवाद आहेत आणि ते मी आधीच फळ्यावर दाखवते, नाहीतर पट्टीच चुका तयार करते. पहिला अपवाद ‘विसरले’ या शब्दात आहे. वाचणारा मुलगा ओळीसमोर टिंब ठेवतो आणि म्हणतो, ‘काय विसरले? बाटली. बाटली विसरली, असे हवे ना?’ मुलगी म्हणते, ‘पण बाटली नाही विसरली, मी विसरले.’ मुलगी बरोबर आहे. विसरणे, शिकणे, बोलणे, म्हणणे अशी काही क्रियापदे भूतकाळातही करणाऱ्याबरोबर जातात: मुलगी लिहिते ‘मी बाटली विसरले’, मुलगा लिहितो ‘मी बाटली विसरलो’. ‘मी मराठी शिकलो’ यात मराठी स्त्रीलिंगी असूनही ‘शिकली’ होत नाही. टिंब राहते, शब्दही राहतो. वाचणाऱ्याने विचारले म्हणून काही बिघडले नाही. त्याने परस्पर बदलले असते तर बिघडले असते.

दुसरा अपवाद वस्तूला किंवा माणसाला ‘ला’ किंवा ‘ना’ लागल्यावरचा. ‘सरांनी मुली मोजल्या’, पण ‘सरांनी मुलींना मोजले’. ‘ना’ लागला की क्रियापद मुलींकडेही बघायचे सोडते आणि ‘ले’वर थांबते. सातवीला एवढे पुरते. ‘भावे प्रयोग’ हे नाव नंतर कधीतरी सांगितले की मुलांना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे होते.

तिसरा प्रश्न अनुस्वाराचा. उताऱ्यात ‘बाईनी तिला धीर दिला’ असे आहे. वाचणारा विचारतो, ‘इथे एक आहे की अनेक? की मानाने म्हटले आहेस?’ हे शेवटचे शेपूट मी नंतर जोडले. सुरुवातीला प्रश्न फक्त ‘एक की अनेक’ एवढाच होता आणि मुले अगदी तर्काने सांगत, ‘बाई एकच होत्या, मग अनुस्वार कशाला?’ त्या ‘होत्या’मध्येच उत्तर आहे. बाई एक असल्या तरी आपण त्यांना ‘आल्या’, ‘म्हणाल्या’ असे अनेकवचन देतो, म्हणून विभक्ती लागतानाही अनुस्वार येतो: बाईंनी, सरांना, आजोबांचा, बाबांसाठी. कसोटी सोपी आहे. त्या व्यक्तीबद्दल तू ‘आला’ म्हणतोस की ‘आले’, ‘आली’ म्हणतेस की ‘आल्या’? ‘आले’, ‘आल्या’ असेल तर अनुस्वार दे.

इथे घराघरातला फरक जपावा लागतो. कुणी ‘आजी म्हणाली’ लिहितो, कुणी ‘आजी म्हणाल्या’. दोन्ही मराठीच आहे. कुणाच्या घरी आजीला कशी हाक मारतात यावर वर्गात बोट ठेवायचे नसते. वाचणाऱ्याने एवढेच पाहायचे की पहिल्या ओळीत ‘आजी आल्या’ असेल तर पाचव्या ओळीत ‘आजीने’ होऊ नये. तिथे ‘आजींनी’ हवे.

आणि मग ‘झाडाखाली’. व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द निर्दोष आहे. कुठल्याही शिक्षकाने त्यावर खूण केली नसती, मीही नाही. पण वाचणाऱ्याने ‘एक की अनेक?’ असे विचारल्यावर लिहिणारी म्हणते, ‘आम्ही पन्नास जण होतो, एका झाडाखाली कसे मावणार? तीन-चार झाडे होती.’ म्हणजे ‘झाडांखाली’. या एका अनुस्वाराने चित्र बदलते, आणि ते बदलायला त्या सहलीला गेलेलेच माणूस लागते. प्रश्न विचारण्याचा नियम मी या शब्दासाठी धरून ठेवला आहे, असे म्हटले तरी चालेल.

चौथा प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा. पालकांना आणि पुष्कळ शिक्षकांनाही शुद्धलेखन म्हणजे एवढेच वाटते. मी तो मुद्दाम शेवटी ठेवते आणि त्याला सर्वांत कमी वेळ देते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. तेव्हा ते १४ होते, १९७२ साली आणखी चार जोडले गेले. या १८ नियमांपैकी सातवीच्या जोडीला तपासता येण्यासारखा एक नियम मी निवडते, कारण त्याचे कोडे मुलांना स्वतः सोडवता येते. मैत्रीण, बहीण, फूल, गरीब, वकील या शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा इकार किंवा उकार दीर्घ आहे. त्यांना ला, चा, ने लागले की तो ऱ्हस्व होतो: मैत्रिणीचा, बहिणीला, फुलाने, गरिबाला, वकिलाकडे. म्हणून प्रश्न, ‘या शब्दाचे मूळ रूप काय?’ वाचणारा ‘मैत्रीणीचा’समोर टिंब ठेवतो, लिहिणारी मूळ शब्द ‘मैत्रीण’ असा समासात लिहिते आणि मग चा लावते. मूळ रूप लिहायला लावल्याने मुलांना कळते की तोच शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी बरोबर आहे, आणि ‘मैत्रीण दीर्घ की ऱ्हस्व?’ हा प्रश्नच अपुरा होता.

धोका याच्या पुढे आहे. ‘गरीब’, ‘वकील’ दीर्घ पाहिल्यावर मुले तोच नियम ‘मंदिर’ला लावतात आणि ‘मंदीर’ करतात. शेवटचे अक्षर दीर्घ असले की आधीचा इकार ऱ्हस्व, जसे किडा, विळी, हे शिकल्यावर ‘परीक्षा’ची ‘परिक्षा’ करतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळचाच इकार-उकार ठेवतात, मग ते ‘मंदिरात’ असो की ‘परीक्षेला’. पण एखादा शब्द संस्कृतातून आला आहे की नाही, हे मुलाने कसे ओळखावे? ते ओळखता येत नाही, हे मान्य करावे. म्हणूनच प्रश्नाच्या शेवटी ‘पुस्तकात बघू या का?’ असे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तर्काने केलेला बदल मी मुळीच मानत नाही. पाठ्यपुस्तकात तो शब्द सापडला तर उत्तम. नाहीतर वर्गाच्या कपाटात एखादा शब्दकोश किंवा अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ हे छोटे पुस्तक असावे. ते अकारविल्हे लावलेले आहे आणि मुलांच्या हातात सहज मावते. आमच्या उताऱ्यात वाचणारा ‘परीक्षा’समोर टिंब ठेवतो, दोघे मिळून बघतात, शब्द बरोबर निघतो आणि दोघांच्याही कायमचा लक्षात राहतो. बरोबर शब्दासमोर ठेवलेल्या टिंबाने असा फायदा होतो, म्हणून मी तसे टिंब चूक धरत नाही.

बोलण्याची भाषा हाही या पट्टीचा भाग आहे. ‘तू चुकलास’ असे कुणी म्हटले की दुसऱ्याची मान लगेच वहीवरून वर येते आणि मग शब्दावरचे बोलणे माणसावर जाते. मी मुलांना वाक्याची सुरुवात देऊन ठेवते: ‘मी इथे अडखळलो’, ‘मला इथे कळले नाही’, ‘इथे बघू या का?’ ऐकणाऱ्यालाही दोन उत्तरे दिलेली असतात. ‘बरोबर, मी बदलते’ हे एक आणि ‘मी तसेच ठेवते, कारण...’ हे दुसरे. ‘कारण’च्या पुढे काही सांगता आले नाही तर टिंब तसेच राहू द्यायचे आणि मला बोलवायचे. रागीट किंवा फार लाजरी मुले असतील तर पहिल्या दिवशी पट्टी वाचूनच प्रश्न विचारू द्यावेत. प्रश्न पुठ्ठ्यावर छापलेला असला की तो शेजाऱ्याने काढलेला वाटत नाही.

एक अडचण अशी आहे की ती पट्टी सोडवत नाही, ती शिक्षकानेच आधी सोडवायची असते. एका मुलाने आजोबांचे बोलणे लिहिताना ‘आमी तवा चालत गेलतो’ असे लिहिले होते आणि शेजाऱ्याने त्या एका ओळीसमोर तीन टिंबे ठेवली होती. पात्राच्या तोंडचे बोलणे ते पात्र जसे बोलते तसे लिहावे, हे महामंडळाच्या नियमांतच आहे. अवतरणचिन्हाच्या आत वाचणाऱ्याची पेन्सिल जात नाही, एवढे सांगून ठेवले की काम होते. अवतरणाबाहेर ‘केले, गेले’ लिहायचे की ‘केलं, गेलं’, हे वर्गाने एकदा ठरवावे आणि वर्षभर पाळावे. ते ठरवले नाही तर अर्धी टिंबे त्या अनुस्वारातच खर्च होतात.

तास संपला की वह्या माझ्याकडे येतात. मी आधी निबंध वाचत नाही, समास बघते. आमच्या उताऱ्यात आठ टिंबे असतील, सहा ठिकाणी बदल असेल आणि दोन ठिकाणी मूळ शब्द राखलेला असेल, तर जोडीने काम केले असे मी समजते. एकही टिंब नसेल तर वाचणाऱ्याने शेजाऱ्याला दुखवायचे टाळले किंवा पान वाचलेच नाही. अशा जोडीजवळ पुढच्या वेळी मी पहिल्या वाचनाला जाऊन बसते. प्रत्येक ओळीसमोर टिंब असेल तर वाचणारा नियम ओळखतो, पण वाक्य ऐकत नाही. त्याला पुढच्या वेळी चारपैकी एकच प्रश्न द्यावा. सर्वांत काळजी वाटते ती वही वेगळी असते. तिच्यात टिंबे नीट असतात आणि प्रत्येक टिंबापुढे बदल केलेला असतो, ‘विसरले’चे ‘विसरली’ आणि ‘परीक्षा’ची ‘परिक्षा’सुद्धा. त्या लिहिणाऱ्याने आपल्या वाक्याची बाजू एकदाही घेतलेली नसते. त्याला मी जवळ बोलावते, एक बरोबर शब्द दाखवते आणि म्हणते, ‘हा का बदललास, मला सांग.’ बहुतेक वेळा उत्तर एकच येते, ‘त्याने टिंब ठेवलं होतं, बाई.’

मग आम्ही दोघे मिळून तो शब्द कोशात शोधतो, आणि बरोबर निघाला की त्याच्या पेन्सिलीने पुन्हा पहिल्यासारखा लिहितो.